बर्फाचे पाणी की कढत पाणी?

आमच्या मागच्या अंगणात गेल्या उन्हाळ्यात एक निळे, फुगवायचे पिंप आले. मुलाने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून ते आणले होते, त्यामुळे फार बोलण्याची सोय नव्हती. तो सतरा वर्षांचा आहे, जलद गोलंदाजी करतो, आणि व्यायामानंतर बर्फाच्या पाण्यात बसल्याने शरीर लवकर भरून येते असे त्याच्या सगळ्या मित्रांचे ठाम मत आहे. नेमकी त्याच आठवड्यात त्याची आजी सांगलीहून आली होती. तिने पिंपात डोकावून पाहिले आणि म्हणाली, "अरे, दमून आलास तर कढत पाण्यानं आंघोळ कर. बर्फात बसायला तू काय मासळी आहेस?"

नातू आणि आजी दोघेही आपापल्या मतावर अडून बसले. मला मात्र प्रश्न पडला की यातले खरे काय. आपल्या लायडस्खेनडाम-फोरबर्गमधल्या बऱ्याच घरांत हाच वाद चालू असावा. फोरबर्ग क्रिकेट क्लबच्या वेस्टफ्लीटच्या मैदानावर मुलांना सोडायला गेले की पालकांमध्येही हा विषय निघतो. विम हॉफ या डच गृहस्थांमुळे थंड पाण्याला या देशात एक वलय आले आहे, आणि १ जानेवारीला स्खेव्हेनिंगनच्या समुद्रात उडी मारणारे शेजारी आपल्यातल्या अनेकांना असतील. म्हणून जे वाचले, पडताळले आणि घरी करून पाहिले ते मांडतो. माझे मत आधीच सांगून टाकतो: बर्फाचे पाणी सामन्यासाठी ठीक आहे, पण ताकद कमावण्याच्या व्यायामानंतर ते नुकसान करते. आणि कढत पाणी हे औषध नव्हे.

आधी, कसून व्यायाम केल्यावर काय होते ते पाहू. आपण ज्याला 'अंग आंबणे' म्हणतो ते व्यायामानंतर लगेच होत नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलू लागतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो आणि मग ते ओसरते. पूर्वी आम्हाला शाळेत सांगत की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते म्हणून अंग दुखते. ते खरे नाही. ते आम्ल तासाभरात रक्तातून निघून जाते, आणि दुखणे तर दुसऱ्या दिवशी सुरू होते. दुखण्याचे कारण असे की सवय नसलेल्या ताणाने, विशेषतः स्नायू लांबत असताना भार पेलावा लागला की, स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि त्या जागी सूज व दुरुस्तीचे काम सुरू होते. जलद गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा मांडीचे स्नायू असाच मार खातात.

आता थंड पाण्याने या दुखण्याला आराम पडतो का? पडतो. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने तोवर झालेल्या १७ लहान प्रयोगांचा, एकूण ३६६ माणसांचा, एकत्र आढावा घेतला. नुसते बसून राहण्यापेक्षा थंड पाण्यात बसणाऱ्यांचे अंग पुढचे तीन-चार दिवस कमी दुखले असे त्यात दिसले. म्हणजे मुलगा अगदीच चुकीचे बोलत नव्हता. पण या प्रयोगांत एक अडचण आहे, आणि ती दूर करणे अवघड आहे. औषधाच्या प्रयोगात साखरेची गोळी देऊन माणसाला अंधारात ठेवता येते. बर्फाच्या पाण्यात बसलेल्या माणसाला आपण कोमट पाण्यात बसलो आहोत असे कसे पटवणार?

ही अडचण मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोठ्या गमतीशीर रीतीने सोडवली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ३० तरुणांना दमवणारा सायकलचा व्यायाम दिला. एका गटाला सुमारे १० अंशांच्या पाण्यात १५ मिनिटे बसवले, दुसऱ्याला कोमट पाण्यात. तिसऱ्या गटालाही कोमट पाण्यातच बसवले, पण त्यांच्या डोळ्यांदेखत पाण्यात एक द्रव ओतला आणि सांगितले की हे शरीर भरून आणणारे खास तेल आहे. प्रत्यक्षात तो अंग धुण्याचा साधा साबण होता! पुढच्या दोन दिवसांत पायांची ताकद किती परत आली ते मोजले, तर साबणवाले बर्फवाल्यांच्या बरोबरीने होते आणि नुसत्या कोमट पाण्यातले मागे राहिले. म्हणजे बर्फाच्या गुणाचा बराच वाटा श्रद्धेचा असू शकतो. श्रद्धेने आलेला आराम खोटा नसतो, हेही खरे. रविवारी सामना असेल आणि शनिवारच्या बर्फाने मुलाला पाय हलके वाटत असतील, तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

मी भांडलो ते वेगळ्या कारणासाठी, आणि ते कारण आपल्याच देशातल्या, मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या एका प्रयोगात सापडले. तो जरा सविस्तर सांगतो.

प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. एकविशीच्या आसपासचे १२ निरोगी तरुण घेतले. त्यांच्याकडून पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला आणि लगेच दोन्ही पाय २० मिनिटे पाण्यात ठेवायला लावले, पण एक पाय ८ अंशांच्या पाण्यात आणि दुसरा ३० अंशांच्या पाण्यात. यातली हुशारी लक्षात घ्या. दोन वेगळ्या माणसांची तुलना केली की एकाचे जेवण निराळे, दुसऱ्याची झोप निराळी, तिसऱ्याची अनुवंशिकता निराळी. इथे माणूस तोच, जेवण तेच, रक्त तेच, फक्त पाण्याचा फरक.

नंतर त्यांना दुधातली २० ग्रॅम प्रथिने आणि थोडी पिष्टमय साखर असलेले पेय दिले. हे दूध साधे नव्हते. त्यातल्या प्रथिनांच्या घटकांवर जणू खूण केलेली होती. त्यांतले काही कार्बनचे अणू नेहमीपेक्षा किंचित जड होते, अजिबात किरणोत्सारी नव्हेत. त्यामुळे पेल्यातले दूध पायाच्या स्नायूत कितपत पोहोचले ते नंतर मोजता येते. पाच तासांच्या अवधीत दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे बारीक तुकडे काढले आणि पाहिले.

थंड पायाने नवे प्रथिन बांधण्याचे काम सुमारे पाचव्या हिश्शाने कमी केले होते. पेल्यातल्या दुधाचाही त्या पायात कमी अंश पोहोचला होता. हे एकाच संध्याकाळचे झाले. मग तोच क्रम त्यांनी दोन आठवडे चालू ठेवला, व्यायाम झाला की एक पाय गार, एक कोमट. कोमट पायाचा स्नायू दिवसाला १.६७ टक्के या गतीने नवा बांधला जात होता आणि गार पायाचा १.४८ टक्के. आकडे लहान दिसतात, पण दर दिवशी दहावा हिस्सा हातून निसटत असेल तर हिवाळाभरच्या मेहनतीत त्याची बेरीज किती होईल याचा विचार करावा.

असे का होते? थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, स्नायूकडे जाणारे रक्त कमी होते आणि त्याबरोबर जेवणातली प्रथिनेही कमी पोहोचतात. शिवाय व्यायामाने स्नायूच्या पेशींत 'बांधकाम सुरू करा' असा जो निरोप सुटतो तो थंडीने मंदावतो. जी सूज आणि जी आतली धावपळ आपल्याला त्रास वाटते, तिच्यातच पुढच्या बळकटीची सुरुवात असते.

कुणी म्हणेल, बांधकामाचा वेग मोजला, पण खरोखर ताकद कमी झाली का? त्याचे उत्तर पाच वर्षे आधीच ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या संशोधकांनी दिले होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात २१ तरुणांनी १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, पायांचा वजनाचा व्यायाम केला. निम्मे नंतर १० मिनिटे १० अंशांच्या पाण्यात बसत, निम्मे तेवढाच वेळ हलकी सायकल मारत. तीन महिन्यांनी मांडीच्या पुढच्या स्नायूंचे वजन सायकलवाल्यांत सुमारे ३०० ग्रॅमने वाढले होते, बर्फवाल्यांत सुमारे १०० ग्रॅमने. ताकदही तशीच मागे राहिली. दोन्ही गटांनी घाम सारखाच गाळला होता.

हे मी मुलाला दाखवले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. कारण त्याचा आठवडा असा होता: सोमवारी आणि गुरुवारी जिममध्ये वजने उचलायची, घरी आल्यावर पंधरा मिनिटे बर्फात. मोसमात शनिवारी सामना, आणि कधी रविवारीही. त्याच्या शिक्षकांनी त्याला सांगितले होते की वेग वाढवायचा तर पाय आणि पाठ बळकट कर, म्हणून तो जिमला जात होता. आणि ज्यासाठी जायचा तेच तो पिंपात बसून विझवत होता.

लांब पल्ल्याचे धावणारे, सायकलवाले यांनी घाबरायचे कारण नाही. दम वाढवण्याच्या व्यायामावर थंड पाण्याचा असा वाईट परिणाम आढाव्यांत दिसलेला नाही. नुकसान आहे ते स्नायू आणि ताकद कमावणाऱ्यांचे. आपल्यातले जे पन्नाशी-साठी ओलांडल्यावर गुडघ्यांसाठी वजने उचलू लागले आहेत त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. वरचे प्रयोग तरुणांवर झाले हे खरे, पण त्या वयात स्नायू मुळातच सावकाश बांधला जातो. त्यात आणखी खीळ कशाला घालायची?

आता आजीच्या बाजूकडे वळू. बंबातल्या कढत पाण्याची सवय झालेल्या आपल्या पिढीला वाटते की उष्णतेने रक्त खेळते, म्हणजे स्नायूही लवकर भरत असणार. गंमत अशी की त्याच मास्ट्रिख्टच्या मंडळींनी हेही करून पाहिले. पुन्हा १२ तरुण, पुन्हा वजनाचा व्यायाम, पुन्हा एक पाय ३० अंशांत, पण या वेळी दुसरा पाय ४६ अंशांच्या पाण्यात, २० मिनिटे. ४६ अंश म्हणजे आपण हात घालून झटकन काढून घेऊ इतके कढत. निष्कर्ष? दोन्ही पायांत फरक नाही. गरम पाण्याने बांधकाम वाढले नाही, आणि कमीही झाले नाही. तिथे पाय अक्षरशः बुडवून ठेवला होता. शॉवरचे पाणी तर अंगावरून वाहून जाते. त्याने कातडी तापते, आतला स्नायू फारसा नाही. तेव्हा गरम शॉवरने स्नायू दुरुस्त होतात असे कुणी म्हटले तर हसून सोडून द्यावे.

मात्र गरम पाण्याची एक गोष्ट खरी ठरली आहे, आणि ती झोपेची. झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२ अंशांच्या पाण्याने दहा मिनिटे आंघोळ केली तर झोप साधारण दहा मिनिटे लवकर लागते, असे टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली अनेक प्रयोग एकत्र तपासून सांगितले. कारण ऐकायला उलटे वाटते: गरम पाण्याने हातापायांच्या कातडीकडे रक्त येते, तिथून उष्णता बाहेर पडते आणि शरीर आतून थंड होऊ लागते, जे झोपेला हवे असते. संध्याकाळी साडेसात-आठला सराव संपवून आलेल्या मुलाला याचा उपयोग आहे.

जाता जाता, २०१६ सालचा डच प्रयोग आपल्या ऑफिसात कुणीतरी तुमच्या तोंडावर फेकेलच. त्यात तीन हजारांवर लोकांपैकी काहींनी महिनाभर रोज शॉवरच्या शेवटी ३० ते ९० सेकंद गार पाणी घेतले, आणि त्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या. खरे आहे. पण आजारी वाटण्याचे दिवस कमी झाले नव्हते. लोक आजारी तितकेच पडले, फक्त कामावर गेले. आणि व्यायामानंतरच्या स्नायूंशी त्याचा काही संबंध नाही.

आमच्या घरी शेवटी तडजोड झाली ती अशी. सोमवारी आणि गुरुवारी पिंपाला हात लावायचा नाही. जिमहून आल्यावर साधा कोमट शॉवर आणि लगेच जेवण, ज्यात डाळ, दही, अंडी किंवा कोंबडी यांपैकी काहीतरी पोटभर असेल. शनिवारी सामना आणि रविवारीही सामना असेल तर शनिवारी संध्याकाळी पिंप. पण एकाच दिवशी दोन सामने असतील तर मधल्या वेळात नाही, कारण गार झालेला स्नायू काही वेळ मंद चालतो आणि तशा पायांनी पहिलेच षटक टाकणे धोक्याचे. नोव्हेंबर ते मार्च, जेव्हा सामने नसतात आणि ताकद कमवायची असते, तेव्हा पिंप शेडमध्ये.

हे सदर 'आरोग्य आणि अर्थ' असल्याने खर्चाचेही दोन शब्द. मुलगा सुपरमार्केटातून बर्फाच्या पिशव्या आणत असे, म्हणून मी कागदावर हिशोब मांडला. पिंपात १५० लिटर पाणी. ऑगस्टमध्ये आपल्या नळाला साधारण १८ अंशांचे पाणी येते. ते १० अंशांवर आणायचे तर १२ ते १३ किलो बर्फ लागतो, आणि प्रत्येक वेळी. पण दुखणे कमी करण्यासाठी १० अंशांची गरजच नाही. ११ ते १५ अंश आणि ११ ते १५ मिनिटे एवढ्यातच चांगला परिणाम दिसलेला आहे. १३ अंशांना सात-आठ किलो पुरतो, आणि एप्रिलच्या सुरुवातीला तर नळाचे पाणी बर्फाशिवायच पुरेसे गार असते. त्याने स्वयंपाकघरातला थर्मामीटर पाण्यात धरला तेव्हा कळले की तो इतके दिवस ६ अंशांत बसत होता. पाणी जितके गार तितका गुण जास्त असे त्याला वाटत होते. त्याउलट दहा मिनिटांच्या गरम शॉवरला सुमारे ८० लिटर पाणी आणि साधारण एक तृतीयांश घनमीटर गॅस जातो. अर्धा तास शॉवरखाली उभे राहणाऱ्यांच्या पालकांनी तिपटीने गुणून घ्यावे.

आता काळजीचे. १५ अंशांखालच्या पाण्यात एकदम शिरले की पहिल्या एक-दोन मिनिटांत आपोआप धाप लागते, श्वास आवरत नाही, नाडी आणि रक्तदाब झपाट्याने चढतात. तोंड पाण्याखाली असताना असा श्वास ओढला गेला तर माणूस बुडतो, पोहता येत असले तरी. म्हणून फ्लीटच्या कालव्यात किंवा फ्लीटलांडच्या तळ्यात हिवाळ्यात एकट्याने उतरू नये, आणि घरच्या पिंपाशीही कुणीतरी जवळ असावे. आत हळूहळू, पायांपासून शिरावे आणि छाती-मान शक्यतो वरच ठेवावी. विम हॉफ यांच्या पद्धतीतला जोरजोरात श्वास घेण्याचा भाग पाण्यात किंवा पाण्याच्या काठावर कधीही करू नये. त्याने शुद्ध हरपू शकते, आणि तेव्हा वाचवायला दुसरे कुणी लागते. ज्यांना हृदयविकार, न आटोक्यात आलेला रक्तदाब किंवा थंडीत बोटे पांढरी पडण्याचा त्रास आहे त्यांनी आधी आपल्या हाउसआर्ट्सशी बोलावे. आपल्या समाजात रक्तदाब आणि मधुमेह घरोघरी आहेत, आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना पाणी किती गार किंवा किती कढत आहे ते कळतच नाही.

कढत पाण्याचाही एक धोका आहे, तो आजीला ठाऊक नव्हता. दमून आल्याबरोबर कढत शॉवरखाली उभे राहिले की पायांतल्या रक्तवाहिन्या आणखी सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. आमच्या चिरंजीवांना ती एकदा आलीही आहे. बाथरूमच्या फरशीवर पडणे हे कुठल्याही आंबलेल्या अंगापेक्षा वाईट. दहा मिनिटे चालावे, पाणी प्यावे, मग शॉवर, तोही कोमटच.

पिंप आता शेडमध्ये सायकलींच्या मागे ठेवले आहे. मे महिन्यात लागोपाठचे सामने सुरू झाले की ते बाहेर येईल, आणि त्याच्यावर मी दोऱ्याने थर्मामीटर बांधून ठेवला आहे. आजीला फोनवर सगळा वृत्तान्त सांगितला. साबणाच्या तेलाची गोष्ट तिला फार आवडली. म्हणाली, "मग त्याच्या बादलीत मी चमचाभर उटणं टाकलं असतं, की झालं असतं काम."